व्हिएतनामी भाषेतले अभ्यस्त शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामी शिकायला घेतलेले मराठी लोक साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकाच जागी अडतात. शब्द ओळखीचा असतो, तो दोनदा आलेला असतो आणि अर्थ मात्र अपेक्षेच्या उलट निघतो. तिथे पडणारे प्रश्न खाली घेतले आहेत. व्हिएतनामी शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि उच्चार हनोईकडचा धरला आहे. देवनागरीत सूर दाखवता येत नाहीत, म्हणून जिथे सुरावर अर्थ ठरतो तिथे तो शब्दांत सांगितला आहे. दोन अवयव, म्हणजे शब्दातले एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, लिहायला सारखे दिसले तरी ते ऐकायला सारखे असतीलच असं नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

‘तु लाय’ म्हणजे नेमकं काय?

‘तु’ म्हणजे शब्द आणि ‘लाय’ म्हणजे पुन्हा येणं. आपण शाळेत ज्यांना अभ्यस्त शब्द म्हणतो, तेच हे. आपल्याकडचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक हे तिन्ही प्रकार तिथेही सापडतात. कधी अख्खा अवयव पुन्हा येतो, कधी फक्त सुरुवातीचं व्यंजन, तर कधी फक्त शेवटचा यमकाचा भाग.

फरक प्रमाणात आणि कामात आहे. व्हिएतनामीत शब्दाला प्रत्यय लागत नाहीत. ‘लाल’चं ‘लालसर’ किंवा ‘पांढरा’चं ‘पांढुरका’ करायला आपल्याकडे शेपूट जोडता येतं. तिथे तशी सोय नाही, त्यामुळे हे बारीक काम बऱ्याच अंशी पुनरावृत्तीकडे आलं आहे.

दोनदा म्हटलं की अर्थ वाढायला हवा. इथे तो कमी कसा होतो?

आपली मराठी सवय आड येते ती इथेच. ‘लाल लाल टोमॅटो’ म्हटलं की ते चांगले पिकलेले, डोळ्यांत भरणारे असतात. ‘गरम गरम भजी’ कोमट नसतात. व्हिएतनामीत ‘डॉ’ म्हणजे लाल आणि ‘डॉ डॉ’ म्हणजे लालसर, जरा लालीकडे झुकणारा. ‘चंग’ म्हणजे पांढरा आणि ‘चंग चंग’ म्हणजे पांढुरका. ‘तिम’ जांभळा, ‘तिम तिम’ जांभळट. ‘लाञ’ थंड, ‘लाञ लाञ’ म्हणजे शाल घ्यावीशी वाटेल इतपत गारवा.

म्हणजे मराठी ‘लाल लाल’ जिथे जोर देतो, तिथे व्हिएतनामी ‘डॉ डॉ’ हात आखडता घेतो. त्याचं भाषांतर बहुधा ‘-सर’, ‘-पट’, ‘-उरका’ यांनी करावं.

पण ‘कमी’ म्हणजे नुसतं मोजमाप नव्हे. ‘न्यॉ’ म्हणजे लहान आणि ‘न्यॉ न्यॉ’ म्हणजे लहानसं. लहानसं घर म्हणताना आपल्या आवाजात जी माया येते, तीच त्यात असते. ‘सिञ’ म्हणजे गोंडस, सुंदर. छोट्या मुलीच्या फ्रॉकला ‘सिञ सिञ’ म्हणतात तेव्हा कोणी सौंदर्य कमी मोजत नसतं. शब्दाची धार काढून तो हातात धरण्याजोगा केला जातो. सौम्य करणं आणि लाडकं करणं ही इथे शेजारशेजारची कामं आहेत.

मग नुसता शब्द दोनदा म्हणायचा का? सुरांचं काय?

नुसता नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. व्हिएतनामीत सहा सूर आहेत आणि पुनरावृत्तीच्या दृष्टीने त्यांची दोन घरं पडतात. वरच्या घरात ङांग (सपाट, ज्याला चिन्हच नसतं), हॉय (खाली जाऊन वळणारा) आणि सक (चढता) हे तीन. खालच्या घरात हुएन (संथ उतरता), ङा (मध्येच तुटून चढणारा) आणि नंग (जड, दाबून थांबणारा) हे तीन.

तिथली मुलं हे एका यमकातून पाठ करतात. हुएन हे मुलीचं नाव, ‘नंग’ म्हणजे जड आणि ‘ङा’ म्हणजे पडणं. तेव्हा हुएन जड ओझं घेऊन जाताना पडली. मग औषध उकळणारा (‘सक’) खोंगदादा विचारतो (‘हॉय’), कुठे दुखतंय? ‘खोंग’ म्हणजे ‘नाही’, म्हणजेच चिन्ह नसलेला सपाट सूर. एका ओळीत खालचं घर, दुसऱ्या ओळीत वरचं.

आता नियम. सौम्य रूप करताना मूळ शब्द दुसऱ्या जागी तसाच राहतो. त्याच्या आधी येणाऱ्या प्रतीचा सूर मात्र त्याच घरातल्या सर्वांत शांत सुरावर येतो. वरच्या घरात तो सपाट ङांग, खालच्या घरात संथ हुएन. ‘डॉ’ (लाल) हॉय सुरात आहे, म्हणून पहिला ‘डॉ’ सपाट आणि दुसरा वळणारा. ‘लाञ’ (थंड) नंग सुरात आहे, म्हणून पहिला ‘लाञ’ उतरता आणि दुसरा जड. मूळ शब्दच सपाट किंवा उतरता असेल तर काहीच बदलत नाही. निळा आणि हिरवा या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘साञ’. तो सपाट आहे, म्हणून ‘साञ साञ’ दोन्ही वेळा सपाटच.

रोजच्या बोलण्यात पहिल्या प्रतीचा सूर न बदलता शब्द तसाच दोनदा म्हटलेलाही ऐकू येतो, विशेषतः चवींच्या बाबतीत. ते चूक नाही. पण छापील मजकुरात सूर बदललेलं रूप जास्त भेटेल आणि शिकताना आधी तेच कानात बसवलेलं बरं.

‘डॅप’चं ‘डॅम डॅप’ का होतं? ‘म’ आला कुठून?

हा प्रश्न मराठी माणसाला सगळ्यात लवकर सुटावा, कारण उत्तर आपल्या वर्णमालेत आहे.

‘डॅप’ म्हणजे सुंदर, सूर नंग. नियमाप्रमाणे पहिल्या प्रतीला उतरता हुएन सूर हवा. पण व्हिएतनामीत एक कडक बंधन आहे. प्, त्, क् किंवा च् या स्पर्श व्यंजनांवर थांबणाऱ्या अवयवाला फक्त दोनच सूर चालतात, सक आणि नंग. बाकीचे चार तिथे बसत नाहीत. ओठ मिटून आवाज तोडला की सूर लांबवायला जागाच उरत नाही. उतरता सूर हवा तर शेवटी आवाज वाहता राहिला पाहिजे.

भाषेने काढलेली वाट अशी. तोंडाची जागा तीच ठेवायची आणि आवाज नाकातून सोडायचा. म्हणजे त्या-त्या वर्गाचं पाचवं अक्षर घ्यायचं. प्-चा म्, त्-चा न्, क्-चा ङ्, च्-चा ञ्. परसवर्ण शिकताना पाठ केलेला तक्ता तसाच्या तसा उपयोगी पडतो:

डॅप (सुंदर) → डॅम डॅप, बऱ्यापैकी सुंदर
तोत (चांगला) → तोन तोत, ठीकठाक चांगला
खाक (वेगळा) → खांग खाक, जरासा वेगळा
थिच (आवडणं) → थिञ थिच, थोडंसं आवडणं

शेवटच्या ओळीतला ‘च्’ हनोईत क आणि च यांच्या मधला ऐकू येतो, पण लिखाणात आणि या नियमात तो च-वर्गासारखाच वागतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ‘न्यात’ म्हणजे अळणी किंवा बेचव, सूर नंग. फोच्या वाडग्यातला रस्सा तुम्हाला थोडा कमी मिठाचा वाटला. शेवट त्, म्हणून पहिल्या प्रतीत न्. सूर खालच्या घरातला, म्हणून पहिली प्रत उतरती. तयार झालं ‘न्यान न्यात’. घरच्या माणसाने प्रेमाने केलेल्या रश्शाला सरळ ‘न्यात’ म्हणणं जरा टोचतं. ‘न्यान न्यात’मध्ये तक्रारीची धार उतरलेली असते.

सूर चुकला तर खरंच एवढं बिघडतं का?

बिघडतं. ‘ङॉत’ म्हणजे गोड, सूर नंग. त्याचं सौम्य रूप ‘ङॉन ङॉत’, पहिला अवयव उतरता, अर्थ गोडसर. आता तोच पहिला अवयव चुकून सपाट म्हटला तर तो ‘चवदार’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होतो, आणि त्या जोडीचा वापर होतो मधाळ, भुलवणाऱ्या बोलण्यासाठी. फळाबद्दल बोलता बोलता तुम्ही कोणाच्या तरी लाडीगोडीबद्दल बोलायला लागता. समोरचा माणूस संदर्भावरून समजून घेईल, पण क्षणभर थांबेल. तो थबकला की समजावं, अक्षरं बरोबर होती, सूर घसरला.

अशी रूपं कोणत्याही विशेषणाची करता येतात का?

नाही. मूळ शब्द एका अवयवाचा हवा आणि ज्याच्या कमी-जास्त पायऱ्या असतात असा हवा. रंग, चव, तापमान, आकार, साध्या भावना यांची रूपं मोकळेपणाने होतात. चिनी भाषेतून आलेले दोन अवयवांचे जड शब्द या साच्यात बसत नाहीत.

दुसरी मर्यादा मराठी माणूस हमखास ओलांडतो. ‘फार’ या अर्थाचा शब्द आहे ‘रत’ (हनोईत त्यातला र हा ज़ सारखा). ‘रत डॉ’ म्हणजे फार लाल, हे बरोबर. ‘रत डॉ डॉ’ चालत नाही, कारण ‘फार लालसर’ला तिथे अर्थच नाही. प्रमाण आधीच पुनरावृत्तीने सांगून झालं आहे, त्यावर दुसरं माप ठेवता येत नाही.

मग पुनरावृत्तीने अर्थ तीव्र होतच नाही का?

होतो, आणि आवाजाचे नियम तेच असतात, म्हणून गोंधळ वाढतो. ‘फंग फक’ पाहा. क्-चा ङ्, वरचं घर, पहिला अवयव सपाट. रचना अगदी ‘खांग खाक’सारखी. पण ‘फंग फक’ शांतता म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ‘बन बत’ थरथरणं म्हणजे अंगावर नियंत्रण न राहता थरथरणं. ‘ङुन ङुत’ म्हणजे आगीचे लोळ उठणं.

ओळखायचं कसं? मी लावतो ती कसोटी साधी आहे. दुसरा अवयव एकटा काढून वाक्यात वापरून पाहावा. ‘डॉ’, ‘तोत’, ‘ङॉत’ हे एकटे चालतात, रोजचे शब्द आहेत, म्हणून त्यांची जोडी सौम्य. ‘फंग फक’मधला ‘फक’ या अर्थाने एकटा कुठे उभा राहत नाही. तो फक्त त्या जोडीतच जगतो, आणि अशी जोडी बहुधा चित्र उभं करणारी, तीव्र असते. कसोटी शंभर टक्के नाही, पण नव्या शब्दापुढे अडल्यावर पुष्कळदा वाट दाखवते.

तीव्रतेसाठी खास साचेही आहेत. एक तिहेरी. ‘सात’ म्हणजे अगदी लगत. ‘सात सान सात’ म्हणजे मध्ये कागद सरकवायलाही जागा नाही इतकं लगत. इथे पहिला अवयव चढता, दुसरा उतरता, तिसरा जड. आवाज वरच्या घरातून मुद्दाम खालच्या घरात उतरवला आहे. सौम्य जोडी एका घरात शांत बसते, तिहेरी शब्द उंबरा ओलांडतो, आणि त्या झोक्यातच जोर असतो. ‘साच’ म्हणजे स्वच्छ, ‘साच साञ साञ’ म्हणजे मात्र साफ! ताटात, खिशात किंवा तिजोरीत काही म्हणजे काही उरलेलं नाही.

दुसरा साचा चौपदरी. ‘लुंग तुंग’ म्हणजे गोंधळलेला. ‘लुंग ता लुंग तुंग’ म्हणजे काय करावं ते सुचेना, हातपाय अडखळताहेत. ‘हप तप’ घाईघाई, ‘हप ता हप तप’ म्हणजे धांदल. कृती अशी: पहिला अवयव घ्यायचा, दुसऱ्याचं पहिलं व्यंजन घेऊन त्याला सपाट ‘आ’ लावायचा, मग मूळ जोडी म्हणायची. ऐकतानाच माणूस दोनदा अडखळल्यासारखा वाटतो.

एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या जोड्यांचे अर्थ किती लांब जातात?

फार लांब. ‘न्यॉ’ म्हणजे लहान, एवढाच शब्द धरू. ‘न्यॉ न्यॉ’ लहानसं, हे वर आलंच. आता फक्त सुरुवातीचं व्यंजन पुन्हा येतं तेव्हा काय होतं पाहा. ‘न्यॉ न्यन’ म्हणजे लहानखुरी, नीटस अंगाची. ‘न्यॉ न्यत’ म्हणजे क्षुल्लक, ज्यावर वाद घालू नये अशी बाब. ‘न्यॉ न्यॉय’ म्हणजे तुटपुंजं, बघून वाईट वाटावं इतकं कमी. ‘न्यॉ न्यॅ’ म्हणजे हळुवार, बेताबेताने बोलणं किंवा खाणं. आणि ‘न्यॉ न्यॅन’ म्हणजे कोत्या मनाचा.

कोणाच्या चणीचं कौतुक करायला जाऊन शेवटचा शब्द तोंडातून गेला तर तो अपमान होतो. म्हणून या जोड्या नियमाने बनवायच्या नसतात, एकेक ऐकून ठेवायच्या असतात. सौम्य रूपं तुम्ही स्वतः घडवू शकता, ही नाही.

रंगांतही हेच. ‘चंग चॅओ’ म्हणजे गोरापान, ‘चंग चन’ म्हणजे निर्लज्ज, उघडउघड केलेलं. ‘साञ साओ’ म्हणजे आजारपणाने उतरलेला चेहरा. ‘लाञ लॅओ’ खोली उदास आणि थंडगार असते, तर ‘लाञ लुंग’ माणूस कोरडा, जवळ न येऊ देणारा असतो. एखादा शेवट काही जोड्यांत एकच छटा आणताना दिसतो. ‘-अन’ हा शेवट ‘न्यॉ न्यन’मध्ये आहे, तसा ‘सिञ सन’ (गोडगोजिरी) आणि ‘ङाय ङन’ (सरळ, व्यवस्थित) यांतही आहे, आणि तिन्हींत नीटसपणा आहे.

जिवंतपणा येतो म्हणजे काय?

हा मला सर्वांत आवडणारा भाग. काही जोड्यांत पहिल्या अवयवाचा शेवट ‘-अप’ असतो. ‘लप लाञ’ म्हणजे पाण्यावर ऊन चमचमणं. ‘न्यप न्याय’ दिवा उघडझाप करणं. ‘न्यप न्यो’ लाटांवर काहीतरी वरखाली दिसणं. ‘बप बेञ’ होडीचं हेलकावणं. ‘मप माय’ ओठ हलतात पण आवाज नाही. ‘थप थॉ’ दारातून डोकं आत-बाहेर करत घुटमळणं. ‘लप लॉ’ म्हणजे आडून डोकावणं. (आपल्या ‘लपणं’शी त्याचं नातं नाही, पण लक्षात ठेवायला योगायोग चांगला आहे.)

या सगळ्यांत समान काय? दिसणं आणि न दिसणं, वर आणि खाली, आळीपाळीने. आणि तोंडही तेच करतं. ‘-अप’वर ओठ मिटतात, पुढच्या अवयवावर उघडतात. बंद, उघडं. ‘लप लाञ’ म्हणताना चमक आधी विझते आणि मग लागते. या प्रकारात अर्थ कमी होत नाही की वाढत नाही, तो हलायला लागतो.

पावसाचे शब्दही असेच. ‘लत फत’ म्हणजे वाऱ्याबरोबर उडणारी भुरभुर, ‘लम थम’ बारीक झिमझिम, ‘ति ताच’ पागोळ्यांची टपटप, ‘लोप बोप’ टपोरे थेंब पत्र्यावर किंवा पानांवर आपटणं, ‘आओ आओ’ धो धो. रिमझिम आणि रिपरिप यांतला फरक जाणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पुस्तक-बिस्तकसारखं काही आहे का?

आहे. ‘साच’ (चढत्या सुरात) म्हणजे पुस्तक आणि ‘साच सिएक’ म्हणजे पुस्तकंबिस्तकं. आपण पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ घालतो, ते पहिलं व्यंजन ठेवून पुढे ‘-इएक’ लावतात. ‘हॉक’ म्हणजे शिकणं, ‘हॉक हिएक’ म्हणजे अभ्यासबिभ्यास, आणि त्यात आपल्यासारखाच ‘कसला आलाय अभ्यास’ हा सूर असतो. शिक्षकांसमोर वापरू नये.

व्हिएतनामी मुलांना या शब्दांचा शुद्धलेखनात उपयोग होतो, तो कसा?

दक्षिणेकडे, म्हणजे सायगॉनच्या बाजूला, हॉय आणि ङा हे दोन सूर बोलताना एकच झाले आहेत. लिहिताना मात्र दोन वेगळी चिन्हं लागतात. ऱ्हस्व-दीर्घ बोलताना एक आणि लिहिताना दोन, या आपल्या अडचणीसारखीच ती अडचण. तिथे जोडी मदतीला येते, कारण अंशतः पुनरावृत्ती झालेले शब्दही बहुधा एकाच घरातले सूर घेतात. ‘मात मॅ’ (छान गार) यातला ‘मात’ चढता, वरच्या घरातला, म्हणून ‘मॅ’वर हॉयचं चिन्ह. ‘साच सॅ’ (स्वच्छ) यातला ‘साच’ जड, खालच्या घरातला, म्हणून ‘सॅ’वर ङाचं.

अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. ‘ङ्वान ङ्वान’ (शहाणं, ऐकणारं मूल) यात सपाटाबरोबर ङा येतो. ‘खॅ खॅ’ (अगदी हळू) यातही तसंच. वरचा ‘न्यॉ न्यत’सुद्धा हॉय आणि नंग अशा दोन घरांत पाय ठेवून आहे.

दिसायला अभ्यस्त, पण प्रत्यक्षात नसलेले शब्द कोणते?

दोन प्रकारचे. पहिल्यात दोन्ही अवयव स्वतंत्र अर्थाचे असतात आणि सुरुवातीचं व्यंजन योगायोगाने जुळतं. ‘मत मुय’ हा चेहरा आणि नाक मिळून झालेला शब्द आहे, अर्थ चेहरामोहरा. अभ्यस्त शब्दात निदान एक अवयव एकटा अर्थहीन किंवा अर्थ हरवलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात प्राण्यांची आणि फळांची नावं येतात. ‘चुओन चुओन’ म्हणजे चतुर, ‘चोम चोम’ म्हणजे रांबुतान, ‘डु डु’ म्हणजे पपई. यांत सौम्यपणा किंवा जोर काहीच नाही, नाव म्हणूनच ती दुहेरी आहेत. पपईचं नाव मात्र फसवं आहे. पहिला अवयव सपाट, दुसरा वळणारा, म्हणजे रचना हुबेहूब ‘लालसर’च्या ‘डॉ डॉ’सारखी. शिवाय त्याच वळणाऱ्या सुरात ‘डु’ म्हणजे ‘पुरेसं’. तरी ‘डु डु’चा अर्थ ‘पुरेसंसं’ होत नाही, ती पपईच. पण तो आवाज लोकांच्या कानाला लागलेला आहे. दक्षिणेत नववर्षाच्या सणाला, म्हणजे तेतला, पूर्वजांपुढे फळांचं ताट मांडतात. त्यात सीताफळाच्या जातीचं फळ, नारळ, पपई आणि आंबा असतो, आणि या चार नावांच्या उच्चारांतून ‘खर्चाला पुरेल एवढं मिळो’ असं मागणं जुळतं. त्यातला ‘पुरेल’ पपईचा.